विहिरी दर्यात का गेल्या? जुन्या शीटवरचे अंश-मिनिट-सेकंद दशांशात आणताना

आमच्या पाणी समितीच्या कपाटात एक जुनी सर्वेक्षण शीट आहे. गुहागर तालुक्यातल्या काही वाड्यांमधल्या ४२ विहिरींची यादी, टंकलेखन यंत्रावर केलेली आणि तीही कार्बन कॉपी. प्रत्येक विहिरीपुढे वाडीचं नाव, खोली, उन्हाळ्यात पाणी किती उरतं याची नोंद आणि शेवटी अक्षांश-रेखांश. मे महिन्यात वरच्या वाड्यांना टँकर लागायला लागला तेव्हा ठरलं, की यातल्या विहिरी आज कुठे आहेत, कोणत्या बुजल्या, कोणत्या उपसून वापरता येतील हे जागेवर जाऊन बघायचं. त्यासाठी आधी त्या फोनच्या नकाशावर दिसायला हव्यात. माझ्या मामेभावाने एका रात्रीत सगळी यादी स्प्रेडशीटमध्ये चढवली, नकाशावर टाकली आणि मला फोन केला, "दादा, आपल्या सगळ्या बावी दर्यात गेल्या."

शीटवर पहिल्या विहिरीपुढे लिहिलं होतं १७°२८′४५″ उत्तर, ७३°११′४०″ पूर्व. त्याने टाकलं होतं १७.२८४५ आणि ७३.११४०. चिन्हं काढली, एक टिंब दिलं, झालं. ती विहीर गुहागरच्या परिसरातून उठून जयगडच्या पश्चिमेला दहा-अकरा किलोमीटरवर भर समुद्रात जाऊन बसली.

यात चुकलं काय ते आपल्या जुन्या हिशेबावरून चटकन कळतं. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपया सोळा आण्यांचा होता. ५ रुपये ८ आणे म्हणजे साडेपाच रुपये, ५.५, कुणी ते ५.८ लिहिलं तर हिशेब बुडाला. दीड तासाचंही तसंच, १ तास ३० मिनिटं म्हणजे १.५ तास, १.३० नव्हे. अंशाचे भाग साठाचे आहेत: एका अंशात ६० मिनिटं, एका मिनिटात ६० सेकंद, म्हणजे अंशात ३,६०० सेकंद. टिंबानंतरचे अंक मात्र दहाचे आणि शंभराचे भाग सांगतात. साठाचे भाग उचलून शंभराच्या जागेवर ठेवले की जागा बदलते.

आपली विहीर हाताने करून बघू. ४५ सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, ०.७५. म्हणून २८ मिनिटं ४५ सेकंद म्हणजे २८.७५ मिनिटं. त्याला ६० ने भागलं की ०.४७९१६७ अंश. अक्षांश झाला १७.४७९१६७. रेखांशात ४० सेकंद म्हणजे ०.६६६७ मिनिट, म्हणून ११.६६६७ मिनिटं, भागिले ६०, ०.१९४४४४. रेखांश ७३.१९४४४४. मामेभावाच्या आकड्याशी तुलना केली तर अक्षांशात सुमारे साडेएकवीस किलोमीटर आणि रेखांशात साडेआठ किलोमीटर इतका फरक.

स्प्रेडशीटमध्ये हेच एका ओळीत होतं. माझा आग्रह असतो की अंश, मिनिटं, सेकंद तीन वेगळ्या रकान्यांत टाकावेत आणि शीटवर जसं आहे तसंच टाकावं. A मध्ये विहिरीचा क्रमांक, B, C, D मध्ये अक्षांशाचे तीन भाग, E, F, G मध्ये रेखांशाचे. मग H आणि I मध्ये ही दोन सूत्रं, आणि ती खाली ओढायची:

```
=B2+C2/60+D2/3600
=E2+F2/60+G2/3600
```

अंक इंग्रजी लिपीतलेच टंका, म्हणजे सूत्राला ते अंक म्हणून दिसतील. कोकणात अक्षांश कायम उत्तर आणि रेखांश कायम पूर्व, त्यामुळे दोन्ही धनच राहतात आणि उणे चिन्हाचा प्रश्न येत नाही. दक्षिण किंवा पश्चिमेचा बिंदू असता तर आधी पूर्ण बेरीज करून मग सगळ्याच उत्तराला उणे लावावं लागलं असतं.

तीन रकाने भरायचा कंटाळा असेल तर एक सुंदर वाट आहे. तास आणि अंश दोन्ही साठाच्याच हिशेबात मोडतात, म्हणून स्प्रेडशीटला अंश हे तास आहेत असं भासवता येतं. सेलमध्ये `17:28:45` टाका. ती वेळ समजली जाते आणि आत दिवसाचा भाग म्हणून साठवली जाते. तिला २४ ने गुणलं की अंश दशांशात मिळतात. `73:11:40` सुद्धा चालतं, ते ७३ तास म्हणून घेतलं जातं.

```
=B2*24
```

उत्तराच्या सेलचं स्वरूप 'संख्या' असं निवडायला विसरू नका, नाहीतर उत्तरही घड्याळासारखंच दिसेल आणि आपण चुकलो असं वाटेल.

अपूर्णविरामाऐवजी आडवी रेघ मात्र कधीच वापरू नका. मामेभावाने दुसऱ्या खेपेला `17-28-45` असं टाकायला सुरुवात केली होती. त्या ओळी मजकूर म्हणून पडून राहिल्या, कारण अठ्ठाविसावा महिना नसतो. पण हीच सवय गणपतीपुळ्याकडच्या यादीला लावली असती, तर `17-08-45` चं भारतीय तारीख-पद्धतीत १७ ऑगस्ट १९४५ झालं असतं. मिनिटं एक ते बारा असलेल्या ओळी अशा गुपचूप तारखा होतात आणि बाकीच्या होत नाहीत. एकाच रकान्यातले काही आकडे डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेले दिसले, की हे झालंय असं समजावं. स्प्रेडशीट मजकूर डावीकडे ठेवते. संख्या आणि तारखा उजवीकडे.

कुणी आधीच सगळं एका सेलमध्ये चिन्हांसकट लिहून ठेवलं असेल तर ते फोडावं लागतं. तिथे अडचण चिन्हांची होते. मिनिटाची खूण कुणी साधं अवतरणचिन्ह देतो, कुणी तिरकं, सेकंदासाठी कुणी एकेरी चिन्ह दोनदा मारतो. म्हणून चिन्ह शोधत बसण्यापेक्षा अंक शोधावेत. गूगल शीट्समध्ये हे सूत्र अंकांचे तीन गट शेजारशेजारच्या तीन सेलमध्ये टाकतं, मधे काहीही असलं तरी:

```
=REGEXEXTRACT(A2,"(\d+)\D+(\d+)\D+([\d.]+)")
```

जे बाहेर येतं तो मजकूर असतो. वरच्या बेरजेच्या सूत्रात तो आपोआप संख्या म्हणून घेतला जातो, पण `SUM` वापरलं तर घेतला जात नाही. म्हणून अधिक चिन्हच वापरावं.

रूपांतर इथे संपतं. खरं काम पुढचं आहे, कारण उत्तर आलं म्हणजे ते बरोबर आलं असं नाही. विहिरी दर्यात गेल्या ते आमचं नशीब, कारण चूक लपली नाही. किनाऱ्यावरच्या यादीत समुद्र हा पहारेकरी असतो. हीच यादी देशावरच्या एखाद्या तालुक्याची असती, तर साडेएकवीस किलोमीटर सरकलेली विहीर दुसऱ्याच कुठल्या गावात शेतात दिसली असती आणि कुणाला शंका आली नसती.

अशा वेळी आकड्यांकडे बघूनच चूक ओळखता येते. खऱ्या दशांश अंशांत टिंबानंतरचा तिसरा-चौथा अंक मिळून ०० ते ९९ पर्यंत काहीही येऊ शकतं. पण तिथे सेकंद जसेच्या तसे ठेवले असतील तर ती जोडी कधीच ५९ च्या वर जात नाही. मामेभावाच्या रकान्यात ४२ ओळी होत्या आणि एकीतही तिसरा-चौथा अंक ६० च्या वर नव्हता. इतक्या ओळींत असं योगायोगाने होत नाही. पहिली-दुसरी जोडी मात्र बघून उपयोग नाही, कारण एका तालुक्याचे अंश मुळातच थोड्याशा पट्ट्यात असतात.

उलट बाजूनेही एक साधी तपासणी लावून ठेवावी. तीन रकान्यांत टंकलेली मिनिटं किंवा सेकंद ६० किंवा त्याहून जास्त असतील, तर वाचताना किंवा टंकताना चूक झालीच आहे:

```
=IF(OR(C2>=60,D2>=60,F2>=60,G2>=60),"तपासा","")
```

आमच्याकडे या सूत्राने दोन ओळी पकडल्या. कार्बन कॉपीत १ चा ७ दिसला होता.

आता जी चूक समुद्रात जात नाही तिच्याबद्दल. मामेभावाला साठाचा हिशेब समजावल्यावर त्याने तिसऱ्या खेपेला सूत्र लावलं, पण मिनिटांच्या रकान्यात २८.४५ टाकलं आणि सेकंदांचा रकाना सोडला. मिनिटं आणि सेकंद यांच्यात त्याने पुन्हा टिंब दिलं होतं. उत्तर आलं १७.४७४१६७ आणि ७३.१९. नकाशावर विहिरी आता आपापल्या परिसरात, घरांच्या आसपास दिसायला लागल्या, आणि आम्ही दोघंही खूश झालो. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन पहिल्या विहिरीवर गेलो, तर फोन सांगत होता की ती अजून सातशे मीटर नैर्ऋत्येला आहे, आणि आम्ही उभे होतो तिच्या कठड्याशी.

या चुकीला एक ठरलेला स्वभाव आहे. ४५ सेकंद म्हणजे ०.७५ मिनिट, आपण घेतलं ०.४५. घेतलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमीच, म्हणून विहीर नेहमी दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकते; उत्तरेला किंवा पूर्वेला कधीच नाही. आणि सरकते किती ते सेकंदांवर अवलंबून. शीटवर ०० सेकंद असतील तिथे चूक शून्य, १० सेकंद असतील तिथे सव्वाशे मीटरच्या आसपास, ५९ असतील तिथे उत्तर-दक्षिण दिशेत सातशे मीटरच्या वर. म्हणजे एक विहीर अचूक बसते, दुसरी थोडी चुकते, तिसरी भलतीकडे जाते. अशी विखुरलेली पण एकाच बाजूला झुकलेली चूक दिसली की मिनिटांच्या रकान्याकडे बघावं. काही शीटवर मुळातच २८.७५′ असं दशांश मिनिटांत लिहिलेलं असतं आणि सेकंद नसतातच. तिथे तो आकडा तसाच टाकणं बरोबर आहे. ओळखायचं कसं, तर अशा यादीत टिंबानंतर ७५, ८२, ९१ असे ६० च्या वरचे आकडेही सापडतात.

सेकंदाचं मोल जमिनीवर किती हे डोक्यात ठेवलं की बराच गोंधळ टळतो. गुहागरच्या अक्षांशावर एक सेकंद उत्तर-दक्षिण जवळजवळ ३१ मीटर आणि पूर्व-पश्चिम साडेएकोणतीस मीटरच्या जवळपास. एक मिनिट म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या थोडं वर. एखादी विहीर सरळ उत्तरेला तीनशे मीटर चुकली आणि पूर्व-पश्चिम अगदी बरोबर असेल, तर सेकंदांचा दशक-अंक एकाने चुकीचा वाचला गेला असावा. कागद पुन्हा उजेडात धरून बघा. आणि शीट पूर्ण सेकंदापर्यंतच देत असेल, तर तिची अचूकताच पंधरा मीटर इकडेतिकडे आहे. सूत्र १७.४७९१६६६६६७ दाखवतं म्हणून विहीर त्या मिलिमीटरवर आहे असं नव्हे. टिंबानंतर पाचवा अंक म्हणजे सुमारे एक मीटर, तेवढे अंक पुरेत. त्यापुढचे अंक दाखवू नका, पण `ROUND` लावून सूत्रातून कापूही नका.

चौथ्या खेपेला सगळं बरोबर केलं. तीन रकाने, बरोबर सूत्र, तपासणी स्वच्छ. तरीही आम्ही विहिरीवर उभे राहिलो की नकाशावरचा बिंदू शंभर-सव्वाशे मीटर दक्षिणेला आणि साठ-सत्तर मीटर पूर्वेला दिसायचा. पहिल्या विहिरीवर वाटलं की माडा-पोफळीच्या दाटीत फोनला उपग्रह नीट मिळत नसतील. दुसऱ्या विहिरीवर उघड्या सड्यावर गेलो, तिथेही तेवढाच फरक, त्याच दिशेला. तिसऱ्या विहिरीवरही तसाच. सगळीकडे सारखा फरक असेल तर तो टंकण्यातला नसतो.

कारण शीटच्या काळात आहे. तेव्हा उपग्रहाने जागा मोजत नव्हते. विहिरीचे अक्षांश-रेखांश भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून काढलेले. ते जुने नकाशे पृथ्वीचा जो आकार गृहीत धरतात तो जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये काढलेला, आणि त्याला मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या मूळ बिंदूला बांधलेलं. फोन आणि ऑनलाइन नकाशे WGS84 नावाची दुसरी चौकट वापरतात. जमिनीवरची तीच जागा दोन चौकटींत किंचित वेगळ्या अक्षांश-रेखांशाने ओळखली जाते. या चौकटीला डेटम म्हणतात. आपल्या कोकणपट्टीत या दोन डेटममधला फरक शंभर ते दीडशे मीटरच्या घरात येतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या मालिकेचे नकाशे WGS84 वर आहेत, म्हणून त्यांच्यावरून घेतलेल्या आकड्यांना हा प्रश्न नाही. शीटच्या समासातली बारीक अक्षरातली टीप म्हणूनच वाचावी. त्याहूनही जुन्या काही नकाशांवर रेखांशात दुरुस्ती करायची सूचनाही तिथेच असते, आणि ती चुकवली तर फरक मीटरचा न राहता किलोमीटरचा होतो.

बेरीज-भागाकाराने डेटम बदलत नाही. नीट करायचं तर संगणकावरच्या क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये यादी उघडताना तिची चौकट `EPSG:4146`, म्हणजे जुनी कल्याणपूरची, आहे असं सांगायचं आणि मग `Reproject Layer` ने ती `EPSG:4326`, म्हणजे WGS84 मध्ये न्यायची. आमच्याकडे संगणक नव्हता, फोनवर शीट्स होतं. क्षेत्र पाच-सहा किलोमीटरचं असल्यामुळे फरक सगळीकडे जवळजवळ सारखा. म्हणून नक्की ओळखू येणाऱ्या तीन जुन्या विहिरींवर फोनचे आकडे घेतले, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबून, शक्यतो कठड्याच्या उघड्या बाजूला. शीटच्या दशांशातून ते वजा केले आणि तिन्हींची सरासरी घेतली. अक्षांशात साधारण ०.००१० वाढवायचे आणि रेखांशात ०.०००६ ते ०.०००७ कमी करायचे, असं निघालं. ही दुरुस्ती वेगळ्या रकान्यात ठेवली आणि तिच्या माथ्यावर लिहिलं, "तीन विहिरींवरून, फक्त या वाड्यांसाठी". दुसऱ्या तालुक्याला हे आकडे तसेच लावू नयेत, तिथे पुन्हा मोजावं.

एक शेवटची गोची राहिली होती, ती रकाने जोडण्याची. नकाशाच्या शोधपट्टीत आधी अक्षांश, मग रेखांश लिहायचा असतो. सगळे बिंदू एकदम नकाशावर चढवायच्या केएमएल फाइलमध्ये मात्र आधी रेखांश. मामेभावाने एकदा अदलाबदल केली आणि आमच्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमध्ये दिसल्या. कोकणात हे तपासणं सोपं आहे: अक्षांश १५ ते २० च्या आसपास, रेखांश ७२ ते ७४. मोठा आकडा नेहमी रेखांशाचा.

आता शीटमध्ये टंकलेले तीन-तीन रकाने आम्ही कुलूपबंद ठेवलेत, कुणी हात लावायचा नाही. त्यापुढे दशांश, त्यापुढे दुरुस्त दशांश, आणि शेवटी 'प्रत्यक्ष पाहिली' असा एक रकाना. ४२ पैकी २९ विहिरींपुढे खूण झाली आहे. पाच जागांवर भर टाकून घरं उभी आहेत. आठ अजून झुडपात शोधायच्या राहिल्या आहेत. त्यांतल्या दोन पऱ्याच्या पलीकडे आहेत, पावसाआधी तिकडे जायचं ठरलंय.